नोटा मोडण्याचे गणित

४,७९६ रुपये रोखीने द्यायचे असतील, तर पाचशेच्या ९, दोनशेची १, पन्नासची १ आणि वीसच्या २ नोटा, शिवाय पाच रुपयांचे १ आणि एक रुपयाचे १ नाणे लागते. एकाच रकमेची अशी फोड तोंडी करता येते. पण बांधकामाच्या जागेवर आठवड्याची मजुरी रोखीने वाटायची असते, तेव्हा प्रत्येक मजुराची रक्कम वेगळी असते. बँकेतून पैसे काढण्यापूर्वीच कोणत्या किमतीच्या किती नोटा आणि किती चिल्लर मागायची हे रोखपालाला ठाऊक असावे लागते. एकूण रक्कम बरोबर असूनही सुटे कमी पडले, तर पाकिटे भरता येत नाहीत. हे काम संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये INT आणि MOD या दोन सूत्रांनी होते. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स या तिन्हींमध्ये ही सूत्रे याच नावांनी आहेत.

भागाकार आणि बाकी

शाळेत भागाकार शिकताना त्याची दोन उत्तरे लिहिली जात. ४,७९६ ला ५०० ने भागले की भागाकार ९ येतो आणि बाकी २९६ उरते. पुढे दशांश अपूर्णांक आले आणि कॅल्क्युलेटर हातात आला, तसे उत्तर एकच झाले: ९.५९२. रोख रकमेच्या व्यवहारात हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण पाचशेच्या ९.५९२ नोटा कोणाच्या हातावर ठेवता येत नाहीत. इथे शाळेतली ती दोन वेगळी उत्तरेच हवी असतात.

INT हे सूत्र पहिले उत्तर देते. ते संख्येचा दशांश चिन्हापुढचा भाग काढून टाकते आणि पूर्ण भाग ठेवते. MOD दुसरे उत्तर देते. त्याला भाज्य आणि भाजक सांगितले की ते फक्त बाकी परत करते.

```
=INT(4796/500)     उत्तर 9
=MOD(4796,500)     उत्तर 296
```

INT किती नोटा द्यायच्या ते सांगते आणि MOD त्या नोटा दिल्यावर किती रुपये द्यायचे राहिले ते सांगते. ती उरलेली रक्कम पुढच्या, म्हणजे लहान नोटेकडे जाते आणि तिच्यावर पुन्हा हीच क्रिया होते. ४,७९६ रुपयांची वाटचाल अशी होते:

| नोट किंवा नाणे | समोरची रक्कम | भागाकार (INT) | बाकी (MOD) |
|---|---|---|---|
| ५०० | ४,७९६ | ९ | २९६ |
| २०० | २९६ | १ | ९६ |
| १०० | ९६ | ० | ९६ |
| ५० | ९६ | १ | ४६ |
| २० | ४६ | २ | ६ |
| १० | ६ | ० | ६ |
| ५ | ६ | १ | १ |
| २ | १ | ० | १ |
| १ | १ | १ | ० |

प्रत्येक ओळीतली समोरची रक्कम ही वरच्या ओळीतली बाकी आहे. सगळी पद्धत या एका दुव्यावर उभी आहे. सूत्र लिहिताना तो दुवा तुटला की हिशेब चुकतो, आणि भारतीय नोटांच्या बाबतीत तो तीन ठराविक जागी तुटतो.

आखूड सूत्र कुठे फसते

वरची सारणी सोपी आहे, पण तिच्यात प्रत्येक नोटेसाठी दोन आकडे आहेत. पगारपत्रकात प्रत्येक मजुराला एकच ओळ मिळते, म्हणून बाकी वेगळ्या रकान्यात न मांडता सूत्राच्या पोटातच बसवावी लागते. दोनशेच्या नोटांसाठी हे सहज जमते. रक्कम B2 या सेलमध्ये असेल, तर आधी पाचशेने भागून उरलेली बाकी घ्यायची आणि तिला दोनशेने भागायचे.

```
=INT(MOD(B2,500)/200)
```

याच धाटणीने शंभरासाठी पुढील सूत्र सुचते: लगतची मोठी नोट दोनशेची, म्हणून दोनशेची बाकी घ्यायची आणि तिला शंभराने भागायचे.

```
=INT(MOD(B2,200)/100)
```

हे सूत्र दिसायला वरच्या सूत्राचेच भावंड आहे, पण ते चूक आहे. ४,७९६ ला थेट दोनशेने भागले तर बाकी १९६ उरते आणि सूत्र शंभराची एक नोट द्यायला सांगते. वरच्या सारणीप्रमाणे शंभराची एकही नोट लागत नाही. सूत्राने दोनशेची बाकी काढली खरी, पण ती पूर्ण रकमेची काढली. हवी होती ती पाचशेच्या नोटा देऊन झाल्यावर राहिलेल्या २९६ रुपयांची.

दोनशेच्या सूत्रात अडचण आली नाही, कारण पाचशे ही सर्वांत मोठी नोट आहे आणि तिच्या आधी काही दिलेलेच नसते. शंभराच्या आधी मात्र दोन टप्पे आहेत. मधला टप्पा गाळून चालेल का, हे एकाच गोष्टीवर ठरते: लहान नोटेने मोठ्या नोटेला पूर्ण भाग जातो की नाही. पाचशेला शंभराने पूर्ण भाग जातो. म्हणून आधी पाचशेची बाकी काढून मग शंभराची काढली काय किंवा थेट शंभराची काढली काय, उत्तर तेच येते. पाचशेला दोनशेने मात्र पूर्ण भाग जात नाही, शंभर उरतात. हे उरलेले शंभर थेट काढलेल्या बाकीत मिसळतात आणि हिशेब बिघडतो.

भारतीय चलनाची मांडणी पाच, दोन, एक या क्रमाची आहे: ५००-२००-१००, ५०-२०-१० आणि ५-२-१. प्रत्येक त्रिकुटात पहिल्या संख्येला दुसरीने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे प्रत्येक त्रिकुटातल्या तिसऱ्या सदस्यासाठी, म्हणजे १००, १० आणि १ यांच्यासाठी, बाकीची बाकी काढावी लागते. उरलेल्या सहा रकान्यांत एकच MOD किंवा नुसता भागाकार पुरतो.

रुपये-आणे-पैच्या काळातल्या चलनाशी तुलना केली की हा फरक नीट दिसतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ ला १२ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे १,००० पै म्हणजे किती, हे काढताना पैची बाकी थेट बाराने काढून चालते: ५ रुपये, ३ आणे, ४ पै. तिथे आखूड सूत्र बरोबर ठरते. पाच-दोन-एकच्या मांडणीत तेच सूत्र चुकते.

ही चूक लवकर ध्यानात येत नाही, कारण ती प्रत्येक रकमेत होत नाही. रक्कम ४,२९६ असती, तर पाचशेच्या आठ नोटांचे ४,००० रुपये होतात. ४,००० ला दोनशेने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शंभराच्या रकान्यात बरोबर शून्य येते. आखूड सूत्राने शंभराचा रकाना चुकतो तो रकमेचे शेवटचे तीन अंक ५०० ते ९९९ यांच्यात असतानाच. दहाचा रकाना शेवटचे दोन अंक ५० ते ९९ असताना चुकतो आणि एकचा शेवटचा अंक ५ ते ९ असताना. म्हणजे या तिन्हींपैकी प्रत्येक रकाना सरासरीने निम्म्या रकमांत बरोबर येतो, आणि दोन-तीन गोल रकमा घालून पाहणाऱ्याला पत्रक निर्दोष वाटते. ४,७९६ मध्ये तिन्ही जागी चूक होते: शंभराची एक नोट जादा, दहाची एक जादा आणि रुपयाचे नाणे गायब. एकूण फोड ४,९०५ रुपयांची होते, म्हणजे १०९ रुपये जास्त.

पूर्ण पत्रक

पहिल्या ओळीत शीर्षके असतात. A स्तंभात मजुराची नोंद आणि B मध्ये देय रक्कम. C1 पासून K1 पर्यंत 500, 200, 100, 50, 20, 10, 5, 2, 1 या नुसत्या संख्या लिहायच्या. तिथे ‘५०० ची नोट’ असे शब्द लिहिले, तर स्प्रेडशीट त्यांना मजकूर समजते आणि पुढच्या पडताळणीत त्यांची किंमत धरत नाही. दुसऱ्या ओळीतली सूत्रे अशी:

```
C2  =INT(B2/500)
D2  =INT(MOD(B2,500)/200)
E2  =INT(MOD(MOD(B2,500),200)/100)
F2  =INT(MOD(B2,100)/50)
G2  =INT(MOD(B2,50)/20)
H2  =INT(MOD(MOD(B2,50),20)/10)
I2  =INT(MOD(B2,10)/5)
J2  =INT(MOD(B2,5)/2)
K2  =INT(MOD(MOD(B2,5),2))
```

E, H आणि K या तीन स्तंभांत MOD च्या आत MOD आहे. ही सूत्रे खालच्या ओळींत ओढली की प्रत्येक मजुराची फोड तयार होते. वीस आणि दहा रुपये हे नोट आणि नाणे अशा दोन्ही रूपांत मिळतात. सूत्राला फक्त किंमत कळते. त्या रकान्यातल्या किती नोटा आणि किती नाणी घ्यायची, हे रोखपालाने ठरवायचे असते.

नोटा बदलतात तेव्हा

वरच्या सूत्रांत नोटांच्या किमती थेट लिहिल्या आहेत. नोटांचा संच कायम असेतोवर ही सोय चांगली आहे, पण गेल्या काही वर्षांत भारतात तो संच अनेकदा बदलला. नोव्हेंबर २०१६ मध्ये हजाराची नोट चलनातून गेली आणि दोन हजारांची आली. ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची नोट आली. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा वापरातून काढून घेण्याचे जाहीर केले. यातल्या प्रत्येक बदलाने जुन्या पत्रकांत वेगळ्या जातीची चूक येऊ शकते.

दोनशेची नोट येण्यापूर्वी पाचशेच्या खाली थेट शंभराची नोट होती, आणि शंभरासाठी =INT(MOD(B2,500)/100) हे सूत्र अचूक होते. अशा पत्रकात दोनशेचा नवा स्तंभ घातला आणि शंभराचे सूत्र तसेच राहू दिले, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. ४,७९६ मधल्या २९६ रुपयांसाठी दोनशेची एक नोट निघते आणि शिवाय शंभराच्या दोन. फोड २०० रुपयांनी वाढते.

दोन हजारांची नोट काढताना उलटी चूक होते. ती नोट असताना पाचशेचे सूत्र =INT(MOD(B2,2000)/500) असे असे. दोन हजारांचा स्तंभ पुसून टाकला, तरी या सूत्रातला 2000 हा आकडा जागेवरच राहतो. सूत्र कोणतीही तक्रार करत नाही. ४,७९६ साठी ते दोन हजारांची बाकी ७९६ काढते आणि पाचशेची फक्त एक नोट सांगते. चार हजार रुपये हिशेबातून गळून पडतात. सूत्रात आकड्याऐवजी शीर्षकाच्या सेलचा पत्ता दिलेला असता, तर स्तंभ पुसताक्षणी #REF! असा इशारा दिसला असता आणि चूक लगेच कळली असती. म्हणून मूल्ये शीर्षकात ठेवून सूत्रांत त्या सेलचे पत्ते देणे अधिक सुरक्षित असते.

एका शनिवारचे वाटप

पाच जणांच्या एका वाटपाचे पत्रक उदाहरणादाखल पाहता येईल. डाव्या बाजूला रक्कम आहे आणि पुढे प्रत्येक किमतीच्या नोटा-नाण्यांची संख्या.

| मजूर | रक्कम | ५०० | २०० | १०० | ५० | २० | १० | ५ | २ | १ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| गवंडी | ४,७९६ | ९ | १ | ० | १ | २ | ० | १ | ० | १ |
| सुतार | ४,९४१ | ९ | २ | ० | ० | २ | ० | ० | ० | १ |
| मदतनीस | ३,६८० | ७ | ० | १ | १ | १ | १ | ० | ० | ० |
| पहिला बिगारी | २,९६८ | ५ | २ | ० | १ | ० | १ | १ | १ | १ |
| दुसरा बिगारी | २,५४३ | ५ | ० | ० | ० | २ | ० | ० | १ | १ |
| एकूण | १८,९२८ | ३५ | ५ | १ | ३ | ७ | २ | २ | २ | ४ |

बँकेत द्यायची यादी म्हणजे ही शेवटची ओळ. एकूण ६१ नोटा-नाणी, आणि त्यांची किंमत बरोबर १८,९२८ रुपये. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत्येकाची फोड, मग फोडींची बेरीज. उलट क्रमाने, म्हणजे आधी १८,९२८ ही बेरीज करून तिचीच फोड केली, तर पाचशेच्या ३७, दोनशेच्या २ आणि वीसची १ अशा नोटा, आणि पाच, दोन व एक रुपयाचे प्रत्येकी एक नाणे निघते. ही फक्त ४३ नग होतात आणि रक्कमही बरोबर भरते, पण तेवढ्यात पाच पाकिटे भरता येत नाहीत. पाच जणांपैकी चौघांना रुपयाचे नाणे हवे आहे आणि पिशवीत एकच आहे. शंभराची आणि पन्नासची नोट तर एकही नाही.

वाटप मोठे असले की यादीवर पुन्हा हीच दोन सूत्रे चालवता येतात. बँकेत नोटांची गड्डी शंभर नोटांची असते. पाचशेच्या ३५० नोटा लागणार असतील, तर =INT(350/100) हे ३ गड्ड्या सांगते आणि =MOD(350,100) हे ५० सुट्या नोटा सांगते.

पडद्यावरचा रुपया आणि सेलमधला रुपया

वरच्या पत्रकात सुताराची रक्कम ४,९४१ आहे. समजा त्याचा रोज ७७५ रुपये आहे आणि आठ तासांच्या हिशेबाने जादा कामाचा तासाचा दर ९६.८७५ रुपये पडतो. सहा दिवसांचे ४,६५० आणि तीन जादा तासांचे २९०.६२५ मिळून ४,९४०.६२५ होतात. B स्तंभाला दशांश न दाखवण्याचे स्वरूप दिलेले असले, तर पडद्यावर आणि छापील कागदावर ४,९४१ दिसते. सेलमध्ये मात्र ४,९४०.६२५ हीच संख्या असते, आणि सूत्रे दिसणारा आकडा पाहत नाहीत, साठवलेला पाहतात. INT पैशांचा भाग टाकून देते. पाकिटात ४,९४० जातात, सही ४,९४१ वर घेतली जाते आणि सुताराचा एक रुपया कमी पडतो.

उपाय म्हणजे दिसण्यापुरते नव्हे, तर खरोखरच पूर्णांकात आणणे. रक्कम जिथे तयार होते त्याच सेलमध्ये ROUND लावायचे:

```
=ROUND(6*775+3*775/8,0)
```

याचे उत्तर ४,९४१ येते आणि सेलमध्येही तेवढेच साठते. अपूर्ण रुपया नेहमी मजुराच्या बाजूने पूर्ण करायचा असेल, तर ROUND च्या जागी ROUNDUP लिहावे. ज्या रकमेला पूर्णांकात आणले, तीच रक्कम पगारपत्रकाच्या बेरजेतही जायला हवी. नाहीतर छापील बेरीज आणि बँकेतून आणलेली रक्कम यांत फरक पडतो.

रुपयाखाली आज ५० पैशांचे एकच नाणे कायदेशीर चलन आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. म्हणून मजुरीचा हिशेब रुपयात पूर्ण करणेच व्यवहार्य ठरते. पूर्णांक करण्याला आणखी एक कारण आहे. संगणक संख्या द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ सारखा साधा दशांशही तंतोतंत मांडता येत नाही. अनेक दशांश रकमांची बेरीज-वजाबाकी होऊन आलेली पूर्ण संख्या कधी कधी अगदी सूक्ष्म फरकाने कमी साठलेली असते. INT तो सूक्ष्म फरक पाहून अख्खा रुपया खाली येते. आधी ROUND केले की हा धोका राहत नाही.

नोटा पुरेशा नसतात तेव्हा

MOD च्या आत एक गृहीतक लपलेले आहे: मोठ्या नोटा जितक्या बसतील तितक्या दिल्याच आहेत. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. मजुरांना सुटे हवे असतात किंवा बँकेकडे पाचशेच्या नोटा मोजक्या असतात. समजा प्रत्येकाला पाचशेच्या जास्तीत जास्त सहा नोटा द्यायचे ठरले. C2 मध्ये =MIN(6,INT(B2/500)) लिहिले की ४,७९६ साठी सहा नोटा येतात, पण पुढच्या रकान्यातले MOD(B2,500) अजूनही २९६ च सांगते. प्रत्यक्षात १,७९६ रुपये द्यायचे राहिले आहेत. फोड १,५०० रुपयांनी कमी भरते.

अशा वेळी बाकी भागाकारातून न काढता वजाबाकीतून काढावी लागते: देय रकमेतून आतापर्यंत खरोखर दिलेल्या नोटांची किंमत वजा करायची. SUMPRODUCT हे सूत्र शीर्षकातली मूल्ये आणि नोटांची संख्या यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज देते.

```
D2  =INT(($B2-SUMPRODUCT($C$1:C$1,$C2:C2))/D$1)
```

हे सूत्र D2 मध्ये एकदा लिहून K2 पर्यंत उजवीकडे आणि मग खाली ओढता येते. डॉलर चिन्हांमुळे कंसातला पट्टा C पासून सुरू होतो आणि प्रत्येक पावलाला एका स्तंभाने लांबतो. सहा नोटांच्या मर्यादेत ४,७९६ ची फोड अशी येते: पाचशेच्या ६, दोनशेच्या ८, शंभराची १, पन्नासची १, वीसच्या २, पाचाचे १ आणि रुपयाचे १. बेरीज बरोबर ४,७९६. या सूत्रात कोणत्याही नोटेची किंमत थेट लिहिलेली नाही, म्हणून दोनशेसारखी नवी नोट आली, तर तिचे मूल्य योग्य जागी शीर्षकात घालून सूत्र पुन्हा ओढले की काम होते.

एक मर्यादा मात्र दोन्ही पद्धतींना आहे. दोन्ही मोठ्या मूल्याकडून लहानाकडे एकाच दिशेने जातात आणि दिलेली नोट परत घेत नाहीत. सर्व नऊ मूल्ये हाताशी असताना याच मार्गाने कमीत कमी नोटा-नाणी लागतात. एखादे मूल्य नसले की तसे राहीलच असे नाही. रुपयाची नाणी संपली आणि ६ रुपये द्यायचे असले, तर सूत्र पाचाचे एक नाणे देते आणि उरलेल्या एका रुपयापाशी अडते. दोनाची तीन नाणी देऊन तीच रक्कम सहज भागते, पण त्यासाठी पाचाचे नाणे न देण्याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. तो निर्णय या सूत्रांना घेता येत नाही. अशा ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

पडताळा

प्रत्येक ओळीच्या शेवटी L स्तंभात पडताळ्याचे सूत्र असावे. ते फोडीची किंमत काढते आणि तिच्यातून मूळ रक्कम वजा करते.

```
L2  =SUMPRODUCT($C$1:$K$1,C2:K2)-B2
```

इथे शून्यच यायला हवे. आखूड सूत्रामुळे आलेले जादा १०९ रुपये, दोनदा मोजलेले २०० रुपये, गळालेले ४,००० रुपये या सगळ्या चुका इथे उघड होतात. न दिसणारे पैसेही दिसतात, मात्र त्यासाठी L स्तंभात दशांश दिसू द्यावे लागतात. सुताराच्या ओळीत ROUND राहून गेले असेल, तर इथे -0.625 दिसते. रक्कम ‘4,796/-’ अशी लिहिलेली असेल, तर ती मजकूर ठरते आणि पूर्ण ओळीत #VALUE! येते. तिथे नुसती संख्या लिहायला हवी.

एक चूक मात्र या पडताळ्यातूनही निसटते. मजुराने घेतलेली उचल त्याच्या मजुरीपेक्षा जास्त झाली की देय रक्कम ऋण होते. समजा ती -१२० आहे. ऋण संख्येवर INT शून्याकडे न जाता आणखी खाली जाते, म्हणून पाचशेच्या रकान्यात -१ येते. MOD बाकी म्हणून ३८० देते आणि दोनशे, शंभर, पन्नास, वीस व दहा यांच्या रकान्यांत प्रत्येकी एक नोट उमटते. वजा पाचशे अधिक तीनशे ऐंशी म्हणजे वजा एकशे वीस. पडताळा शून्य दाखवतो, आणि बँकेच्या यादीत पाचशेची एक नोट कमी होऊन पाच लहान नोटा वाढतात. ज्याला काहीच द्यायचे नाही, त्याच्या ओळीत फोडीसाठी शून्य यावे म्हणून B मधली देय रक्कम MAX(0, …) मध्ये घालून काढावी आणि उरलेली उचल वेगळ्या स्तंभात पुढच्या आठवड्यात न्यावी.

नवे पत्रक वापरात आणण्यापूर्वी त्यात दोन रकमा घालून पाहाव्यात. पहिली ८८८. पाचशेपासून एकपर्यंतची नऊही मूल्ये एकेकदा घेतली की त्यांची बेरीज ८८८ होते, म्हणून बरोबर पत्रकात नऊच्या नऊ रकान्यांत १ दिसले पाहिजे. आखूड सूत्र असलेल्या पत्रकात शंभर, दहा आणि एक या तीन रकान्यांत शून्य येते, आणि दोष नेमका कुठे आहे ते तिथेच कळते. दुसरी रक्कम ४,८८८. तिच्यात पाचशेच्या रकान्यात ९ आणि बाकी आठ रकान्यांत १ यायला हवे. पाचशेच्या रकान्यात १ आले, तर सूत्रात कुठेतरी 2000 हा जुना आकडा शिल्लक आहे.